वाघजाईच्या ठाण्याची वाट

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला डांबरी रस्ता एका धनगरवाडीपाशी संपतो. पुढे बैलगाडीची वाट शेताच्या बांधापर्यंत जाते आणि तिथून एक पायवाट रानातून कड्याच्या दिशेने निघते. कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी, कड्यापासून थोडं अलीकडे, वाघजाईचं ठाणं आहे. कंबरेइतक्या उंचीचा दगडी चौथरा, त्यावर शेंदूर लावलेला तांदळा, शेजारी वाघ कोरलेली एक झिजलेली शिळा आणि वर आंब्याची सावली. वाडीतली माणसं इथे नवस फेडायला येतात. कोकणातून वर चढून येणारेही इथेच दम खातात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या फोनमधल्या ओपनस्ट्रीटमॅपवर यातलं काहीच नव्हतं. डांबरी रस्ता वाडीपाशी थांबलेला आणि पुढे कड्यापर्यंत नुसता हिरवा रंग. ही वाट आणि हे ठाणं मी नकाशावर कसं चढवलं, ते सांगतो. काम एका दुपारचं आहे, पण त्यात चुकायच्या जागा बऱ्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक शब्दांच्या आहेत.

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेला नकाशा आहे. खातं उघडलेला कुणीही त्यात भर घालू शकतो. सह्याद्रीत रेंज नसताना लोक जी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडसारखी ॲप वापरतात, त्यांच्या आतला नकाशा हाच असतो. त्याची रचना अगदी साधी आहे. एखादी जागा दाखवायला बिंदू, वाट किंवा ओढा दाखवायला रेघ, आणि शेत किंवा इमारत दाखवायला बंद आकार. बिंदू वा रेघ स्वतः मुकी असते. ती कशाची आहे, हे तिला जोडलेल्या जोडशब्दांवरून कळतं. त्यांना टॅग म्हणतात. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे त्याचं उत्तर. highway=path लिहिलं की ती रेघ पायवाट होते. त्याच जागी highway=track लिहिलं तर पाहणाऱ्याला वाटतं, इथून जीप जाईल.

म्हणून मी घरी बसून रेघ मारली नाही, आधी वाट चाललो. उपग्रहाच्या चित्रात वाडीच्या मागे पांढऱ्या बारीक रेघांचं जाळंच दिसत होतं. त्यातली माणसांची वाट कोणती, हे चित्रावरून ठरवता येत नव्हतं. वाडीतल्या एका म्हाताऱ्या मामांना विचारलं तर ते काठी घेऊन बरोबरच निघाले. पहिल्या चढावर उजवीकडे एक रुंद, मळलेली वाट फुटत होती. मला तीच खरी वाटली. मामा म्हणाले, "ती ढोरांची हाय, पाव्हणं. पान्यावर जातीया आन् तिथंच संपतीया. मान्सांची वाट ही, डावीकडची." डावीकडची वाट गवतात जेमतेम दिसत होती. ढोरवाट नेहमी अशीच फसवते. रोज शेकडो खुरांनी तुडवल्यामुळे ती माणसांच्या वाटेपेक्षा ठळक होते, वरून काढलेल्या चित्रात आणखी ठळक दिसते, आणि पाण्यापाशी किंवा कड्याच्या टोकाशी विरून जाते. चित्र बघून नकाशावर चढवलेल्या वाटांमध्ये सगळ्यात घातक चूक ही. रेघ पाहून अनोळखी माणूस संध्याकाळी तिकडे वळतो.

वाट नोंदवायला फोन पुरतो. ठरावीक वेळाने आपली जागा टिपत जाणारं एखादं ॲप सुरू करायचं आणि चालायचं. चालून झालं की त्याची एक जीपीएक्स फाइल मिळते. मी जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळा नोंद केली. घरी येऊन दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. उघड्या माळावर त्या पाच-सहा मीटरच्या आत होत्या. कड्याच्या पोटाशी मात्र वीस-पंचवीस मीटरचं अंतर पडलं होतं. उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून फोनपर्यंत आला की फोनला आपली जागा चुकीची वाटते. दाट झाडीतही तसंच होतं. शिवाय जिथे आपण बसतो तिथे फोन थांबत नाही, तो टिपतच राहतो. त्यामुळे आंब्याखाली आम्ही वीस मिनिटं बसलो त्या जागी रेघेचा गुंता झाला होता, पक्ष्याच्या घरट्यासारखा. हे जसंच्या तसं नकाशावर चढवायचं नसतं. जीपीएक्स फाइल खाली ठेवायची आणि तिच्यावरून आपल्या हाताने नवी रेघ काढायची. माझ्या फाइलमध्ये हजाराच्या वर बिंदू होते. काढलेल्या रेघेला साठ पुरले. वळणावर बिंदू जवळ जवळ, सरळ भागात लांब लांब.

रेघ काढताना खाली उपग्रहाचं चित्रही दिसत असतं, आणि त्यात आणखी एक चकवा असतो. डोंगराळ भागात हे चित्र खऱ्या जागेपासून दहा-पंधरा मीटर सरकलेलं असू शकतं, कारण उपग्रहाने ते तिरप्या कोनातून टिपलेलं असतं आणि उंचसखलपणा सपाट करताना फरक पडतो. माझ्या दोन्ही नोंदी उघड्या माळावरही चित्रातल्या वाटेच्या पूर्वेला पडत होत्या. एकच नोंद असती तर फोन चुकला असं म्हणालो असतो. दोन्ही एकाच बाजूला पडल्या म्हणजे चित्र सरकलेलं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या iD या संपादकात चित्र हवं तेवढं ढकलून जागेवर आणता येतं. आधी चित्र जागेवर आणलं, मगच रेघ काढली. कड्याच्या पोटाशी, जिथे फोनवर भरवसा नव्हता, तिथे त्या जुळवलेल्या चित्रावरून वाट काढली.

आता शब्दांकडे येतो. iD मध्ये रेघ काढली की ती कशाची आहे ते विचारतात. आपण मराठी माणसं 'फूटपाथ' म्हणतो तेव्हा शहरातल्या रस्त्याकडेचा फरशी घातलेला पट्टा म्हणतो. त्या यादीत "Foot Path" असा एक पर्याय आहे. तो निवडला की highway=footway असा टॅग लागतो, आणि तो मुख्यतः पायी चालणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेल्या वाटेचा असतो. बागेतली वाट, देवळाच्या आवारातली फरसबंदी, दोन इमारतींमधली बोळ. रस्त्याकडेच्या पट्ट्याला त्याच्या जोडीला footway=sidewalk लागतं. रानातल्या, कुणी न बांधलेल्या, पावलांनी आणि गुरांनीही मळलेल्या वाटेसाठी highway=path हा शब्द आहे. यादीत तो "Path" नावाने दिसतो. पायवाट म्हटल्यावर नवखा माणूस "Foot Path" वर बोट ठेवतो, आणि तिथे त्याची काही चूक नसते.

तिसरा शब्द 'ट्रॅक'. डोंगरात हिंडणारे फोनवरच्या नोंदीलाही ट्रॅक म्हणतात आणि वाटेलाही. नकाशाच्या भाषेत मात्र highway=track म्हणजे शेतीची किंवा जंगलखात्याची चारचाकी जाईल अशी कच्ची वाट. माझ्या चालण्यात बांधापर्यंतचा भाग बैलगाडीचा होता. ट्रॅक्टरही तिथवर जातो. तेवढा भाग track, आणि बांधापासून पुढे path. म्हणजे एकच चाल, पण नकाशावर दोन रेघा, आणि त्या एकाच बिंदूवर जोडलेल्या.

वाटेत कड्याच्या पोटाशी कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. मी मोजल्या, अडतीस भरल्या. पायऱ्यांचा तुकडा वाटेपासून तोडून वेगळा करावा लागतो आणि त्याला highway=steps लागतं. हे महत्त्वाचं अशासाठी की सायकल घेऊन जाणाऱ्याला किंवा गुडघे दुखणाऱ्याला तिथे काय आहे ते आधी कळतं. पायऱ्यांना step_count=38 जोडलं आणि चढ कुठल्या बाजूला आहे ते सांगायला incline=up. इथे एक खोच आहे. 'वर' म्हणजे रेघ ज्या दिशेने काढली त्या दिशेने वर. मी वाडीकडून ठाण्याकडे रेघ काढली होती आणि पायऱ्या त्याच दिशेने चढतात, म्हणून up बरोबर ठरलं. उलट काढली असती तर down लिहावं लागलं असतं.

नुसतं path लिहिलं तरी वाट दिसते, पण ती कशी आहे ते कळत नाही. त्यासाठी दोन टॅग फार उपयोगी पडतात. trail_visibility म्हणजे वाट किती स्पष्ट दिसते. excellent पासून no पर्यंत त्याची उत्तरं आहेत. sac_scale म्हणजे वाट किती अवघड. ही मोजपट्टी स्विस आल्पाइन क्लबची आहे, त्यामुळे ती आल्प्सच्या हिशेबाने लिहिलेली आहे आणि आपल्या घाटवाटांना बसवताना थोडा विचार करावा लागतो. सरळ चालत जाता येतं आणि पडायची भीती नाही, तर hiking. वाट सलग आहे पण काही ठिकाणी उभी, तर mountain_hiking. तोल सांभाळायला हात टेकावे लागतात आणि बाजूला दरी उघडी आहे, तर demanding_mountain_hiking. वाघजाईपर्यंतच्या वाटेला मी दुसरी पायरी दिली. ठाण्याच्या पुढे कोकणात उतरणारी नाळ मात्र मी उतरलो नव्हतो, म्हणून ती काढलीच नाही. मामांनी ती हातवाऱ्यांनी समजावली होती आणि उपग्रहाच्या चित्रात तिचा अंदाजही येत होता. पण न चाललेल्या नाळेत कुठे दगड निसटलेत आणि कुठे दोर लागतो, हे मी सांगू शकत नव्हतो.

पायवाटेच्या रेघेला शेवटी हे टॅग लागले:

```
highway=path
surface=ground
trail_visibility=intermediate
sac_scale=mountain_hiking
```

intermediate लिहिण्यावर मी बराच अडलो होतो. मे महिन्यात ही वाट लख्ख दिसते. ऑगस्टमध्ये कंबरभर गवतात ती बुडते आणि सप्टेंबरात सोनकीखाली जाते. उपग्रहाचं चित्र बहुधा कोरड्या दिवसांतलं असतं, कारण पावसाळ्यात ढगांमुळे काही टिपताच येत नाही. म्हणजे चित्रावरून ठरवलं तर वाट नेहमीच प्रत्यक्षाहून सोपी वाटते. वर्षातले बरेच महिने जे खरं आहे ते लिहिलं.

आता जोडणी. दिसायला अगदी क्षुल्लक आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट हीच. नव्या रेघेचं टोक डांबरी रस्त्याच्या रेघेला पडद्यावर टेकलेलं दिसतं, पण दोन्हींचा मिळून एक बिंदू नसतो. मधे अर्ध्या मीटरची फट असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण वाट शोधून देणाऱ्या ॲपच्या लेखी तिथे दरी असते. टोक रस्त्यावर नेऊन नीट सोडलं की iD ते आपोआप चिकटवतो. फट राहिली तर बहुधा बाजूला इशारा दाखवतो, तो वाचायचा. मधल्या ओढ्यावरही असंच. वाट ओढ्याला ओलांडते तिथे दोन्ही रेघांचा सामाईक बिंदू हवा आणि त्या बिंदूला ford=yes हवं, म्हणजे इथे पूल नाही, पाण्यातून जायचं आहे, हे कळतं. ओढा उन्हाळ्यात आटतो, म्हणून त्याच्या रेघेला intermittent=yes.

आणि मग देवी. मला सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशी लागला.

iD मध्ये मंदिर शोधलं की पहिल्यांदा amenity=place_of_worship येतं, म्हणजे प्रार्थनास्थळ. ते चिन्ह नकाशावर छान उठून दिसतं, म्हणून मोह होतो. पण त्या टॅगवरून येणाऱ्याला वाटतं, इथे मंदिर आहे. आत जाता येईल, पाऊस आला तर आडोसा मिळेल. वाघजाईला छप्परच नाही. वाटेकडेचं, आत शिरता न येणारं, थांबून हात जोडायचं छोटं ठाणं असेल तर त्यासाठी historic=wayside_shrine हा टॅग आहे. रानातला म्हसोबा, वेशीवरचा मारुती, बांधावरच्या आसरा, घाटमाथ्यावरची वाघजाई ही सगळी बहुतेक वेळा याच टॅगमध्ये बसतात. नकाशावर चिन्ह ठळक दिसावं म्हणून भलता टॅग लावणं, ही नकाशा करणाऱ्यांत फार जुनी आणि सगळ्यांनी नाकारलेली सवय आहे. आज ज्या नकाशात ते चिन्ह बारीक दिसतं तो उद्या बदलेल. लिहिलेला टॅग मात्र सगळ्या ॲपमध्ये जातो. गाभारा असेल, दार असेल, आत उभं राहता येत असेल, तर निःशंकपणे place_of_worship लिहावं.

ठाणं मी बिंदूने दाखवलं. दीड मीटरच्या चौथऱ्याचा आकार काढण्यात अर्थ नाही. बिंदू वाटेच्या रेघेवर ठेवायचा नाही, जिथे खरंच आहे तिथे, वाटेच्या डाव्या बाजूला ठेवायचा.

```
historic=wayside_shrine
religion=hindu
name=Waghjai
name:mr=वाघजाई
```

नावाचे दोन टॅग का, असं कुणी विचारेल. भारतात बहुतेक ठिकाणी name मध्ये रोमन लिपीतलं नाव लिहायची रीत पडली आहे, आणि मराठी नाव name:mr मध्ये जातं. मराठीत चालवलेलं ॲप name:mr वाचू शकतं, पण ते कुणीतरी लिहिलेलं असेल तरच. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवस्थानांना फक्त रोमन नाव आहे. घरी बसून, प्रवास न करताही करता येण्यासारखं मोठं काम ते आहे, फक्त नाव आपल्याला स्वतःला पक्कं माहीत असायला हवं.

नावात वर्णन लिहायचं नसतं. "Small Temple", "देवीचं मंदिर", "Temple near cliff" ही नावं नव्हेत. जे आहे ते टॅग सांगतोच. नाव कळलं नाही तर ती जागा मोकळी ठेवावी, नंतर येणारा भरेल. मलाही नाव सहज कळलं नव्हतं. माझ्या आधी तिथे जाऊन आलेल्या एका गिर्यारोहकाने मला ही 'वाघेश्वरी' असल्याचं सांगितलं होतं. मामांनी आणि वाडीतल्या दोन आज्जींनी वाघजाईच म्हटलं. नकाशावर तिथली माणसं म्हणतात ते नाव जातं. दुसरं नावही खरंच चालत असेल तर त्याला alt_name आहे. इथे ते चालत नव्हतं.

ठाणं पांडवांनी बांधल्याचंही वाडीत सांगतात. ते मी लिहिलं नाही. कधीची वास्तू आहे ते सांगणारा टॅग आहे, पण तिथे शिलालेख नाही, कागद नाही. ऐकलेली गोष्ट ऐकलेली म्हणून सांगायला त्या चौकटीत जागा नाही.

एक नियम कडक आहे आणि तो पाळावाच लागतो. गूगलच्या नकाशावरून काहीही उचलायचं नाही, रेघही नाही आणि नावही नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कुणीही वापरावी अशा परवान्याखाली दिलेली आहे, दुसऱ्याच्या मालकीची माहिती त्यात मिसळली तर ती काढून टाकावी लागते, आणि तिच्यासोबत चांगलं कामही जातं. iD मध्ये जी चित्रं दिसतात ती वापरायची परवानगी असते. बाकी आपले डोळे, आपली जीपीएक्स फाइल आणि तिथल्या माणसांचं बोलणं. म्हणून चढवताना source मध्ये survey लिहिलं, आणि टिप्पणीत मराठीतच: "वाडीपासून वाघजाईच्या ठाण्यापर्यंतची पायवाट, चालून नोंदवली." टिप्पणी कुठल्याही भाषेत चालते. नंतर पाहणाऱ्याला रेघ कशाच्या आधारावर आहे ते कळायला हवं, एवढंच.

चढवल्यावर काही मिनिटांत openstreetmap.org वर तुटक रेघ दिसायला लागली. पण रेघ दिसणं म्हणजे काम बरोबर झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्याच मार्ग शोधायच्या सोयीत पायी जायचा पर्याय निवडून वाडीपासून ठाण्यापर्यंतचा मार्ग मागितला. तो वाट अर्ध्यावर सोडून भलतीकडून वळसा घालायला सांगू लागला. कुठेतरी जोड सुटला होता. रेघ मोठी करून पाहिली तर पायऱ्यांचं वरचं टोक पुढच्या वाटेला चिकटलंच नव्हतं. पायऱ्या तोडताना माझ्याच हातून बिंदू सरकला होता. तो जोडला, पुन्हा चढवलं, आणि त्यानंतर मार्ग सरळ ठाण्यापर्यंत आला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती प्रत्येक वेळी करावी. मार्ग शोधणारी यंत्रणा ताजी माहिती लगेच उचलत नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी केलेली बरी.

महिन्याभराने मला एका अनोळखी नकाशाकाराचा निरोप आला. माझ्या बदलाखालीच त्याने लिहिलं होतं, की बांधापर्यंतचा जो भाग मी track म्हणून दाखवला तो जुन्या एका रेघेवर अर्धा चढला आहे, एकच वाट दोनदा झाली आहे. पाहिलं तर खरं होतं. आधी कुणीतरी तेवढा भाग काढून ठेवला होता आणि चित्र सरकलेलं असल्यामुळे ती रेघ बारा-तेरा मीटर पश्चिमेला होती. मी तिला दुसरीच वाट समजलो होतो. मी माझी रेघ काढून टाकली आणि जुनीच जागेवर आणली. नवी रेघ काढण्याआधी आसपास तीच वाट सरकून बसलेली नाही ना, हे बघायला मी तेव्हा शिकलो. जुनी रेघ ठेवायची अशासाठी की तिच्यामागे तिचा इतिहास असतो, कुणी कधी काढली, कशावरून काढली, कुणी सुधारली.

गेल्या शिमग्यात मामांचा निरोप आला की वाघजाईच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जमते आहे. चार भिंती, पत्रा, पुढे ओटा. ते झालं की माझा टॅग खोटा ठरेल. बिंदू पुसायचा नाही. त्याच बिंदूवरचं historic=wayside_shrine काढून amenity=place_of_worship लावायचं, नाव आहे तसंच ठेवायचं. दिवाळीनंतर गवत वाळलं की त्या बाजूला कुणी जाणार असेल, आणि ठाण्यावर पत्रा चढलेला दिसला, तर त्याने माझी वाट न पाहता हा बदल करावा.